आठ नट आणि एकच पाना

साखर कारखान्यात गळीत हंगामाच्या आधी दुरुस्तीची कामं जोरात असतात. चार इंची वाफेच्या लाइनचा एक जोड उघडलाय आणि त्यात नवीन पॅकिंग घालायचं आहे, असं धरू. दोन्ही पाइपांच्या टोकांना जाडजूड पोलादी चकत्या, म्हणजे फ्लँज; त्यांच्या मधे गॅस्केट, ज्याला आपल्याकडे सगळे पॅकिंगच म्हणतात; आणि भोवती गोलात आठ स्टड, त्यांच्यावर नट. नवशिक्या हेल्परच्या हातात पाना दिला तर तो बहुधा वरच्या नटापासून सुरुवात करील, दात-ओठ खाऊन तो पक्का आवळेल, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि एक पूर्ण फेरी मारून मोकळा होईल. आठही नट घट्ट, काम संपलं.

फिटर त्याला थांबवतो आणि म्हणतो, "समोरासमोर आवळ." का, असं विचारलं तर उत्तर येतं, "दाब सारखा बसतो." हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. कारण हेल्परने विचारलंच नाही असा एक रास्त प्रश्न उरतो: शेवटी आठही नट तेवढेच घट्ट होणार असतील, तर आधी कुठला आणि नंतर कुठला याने फरक का पडावा?

फरक पडतो, कारण शेवटी आठही नट तेवढेच घट्ट राहत नाहीत. आधी आवळलेला नट नंतरचे नट आवळताना आपोआप ढिला होत जातो, आणि त्याला कोणी हातही लावलेला नसतो.

हे कसं होतं ते पाहायचं तर आधी स्टडकडे पाहायला हवं. पोलादाचा स्टड आपल्याला दगडासारखा ताठ वाटतो, पण आवळताना तो ताणला जातो. ताणला गेला म्हणूनच तो आखडू पाहतो, आणि त्या आखडण्याच्या ओढीने दोन फ्लँज एकमेकांवर दाबून धरले जातात. नट फिरत नाही म्हणजे जोड घट्ट, असं नाही. स्टड ताणलेला आहे म्हणून जोड घट्ट. आपल्या चार इंची फ्लँजवर पाच-अष्टमांश इंचाचे, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर जाडीचे स्टड असतात, आणि प्रत्येकात सुमारे 5 टनांची ओढ हवी असते. एवढ्या ओढीला तो स्टड किती लांबतो? दोन फ्लँजची जाडी, मधलं पॅकिंग आणि नटांचा थोडा भाग धरून ताणली जाणारी लांबी साधारण 65 ते 70 मिलिमीटर. हिशेब केला तर लांबी वाढते फक्त 0.11 मिलिमीटर. वहीच्या एका पानाची जाडी. 5 टनांची सगळी ओढ त्या एका पानाएवढ्या ताणात साठवलेली असते.

आता पॅकिंग पाहू. वाफेच्या लाइनला बहुतेक ठिकाणी स्पायरल वूंड गॅस्केट वापरतात: स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी आणि ग्रॅफाइटची पट्टी एकावर एक गुंडाळून केलेली चकती, बाहेरून एक पोलादी रिंग. आणतो तेव्हा गुंडाळलेला भाग 4.5 मिलिमीटर जाड असतो. जोड नीट बसल्यावर तो दबून 3.3 मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे पॅकिंग सव्वा मिलिमीटरच्या घरात दबतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. स्टड ताणला जातो 0.11 मिलिमीटर आणि त्याच्या खालचं पॅकिंग दबणार आहे 1.2 मिलिमीटर, म्हणजे दहापटीहून जास्त. पहिला स्टड पूर्ण आवळला तेव्हा त्याच्याजवळचं पॅकिंग काही अंशी दबलं, स्टड ताणला गेला, पान्याला जोर लागला, सगळं ठीक. मग शेजारचा नट आवळला. त्या भागातलं पॅकिंग आणखी खाली बसलं आणि फ्लँज आणखी जवळ आले. पहिल्या स्टडच्या जागी ते एक-दशांश मिलिमीटर जरी जवळ आले, तरी त्या स्टडचा सगळा ताण गेला. नट जागच्या जागी आहे, हाताने तो हलणारही नाही, पण त्यातली 5 टनांची ओढ एकदीड टनावर आली किंवा नाहीशीही झाली. बोल्टच्या तंत्रशास्त्रात याला 'इलॅस्टिक इंटरॅक्शन' म्हणतात: एका बोल्टने दुसऱ्याचा ताण खाणं.

आता हेल्परची फेरी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. त्याने बाराच्या ठिकाणचा एक नंबरचा नट एकदम पूर्ण आवळला तेव्हा फ्लँजची वरची बाजू मिटली आणि खालची उघडली. फ्लँज किंचित तिरका झाला. वरच्या बाजूच्या पॅकिंगवर गरजेपेक्षा जास्त जोर आला, कारण आठ जणांनी उचलायचं ओझं त्या घटकेला एकाच कोपऱ्यावर होतं. मग दोन नंबर, तीन नंबर असं करत तो खाली आला. खालची बाजू मिटायला लागली तेव्हा फ्लँजला आधीच चेपलेल्या वरच्या काठावरच टेकून फिरावं लागलं. फेरी संपता संपता आठ नंबरचा नट आवळला, आणि तो एकच्या शेजारीच असल्यामुळे एकमधली उरलीसुरली ओढही त्याने कमी केली.

इथे कोणी म्हणेल, मग एक नंबर पुन्हा आवळा, झालं. ताणापुरतं बोलायचं तर हे बरोबर आहे. अडचण पॅकिंगची आहे. स्टड सोडला की मूळ लांबीवर येतो, पॅकिंग येत नाही. ग्रॅफाइट एकदा चेपलं की फारच थोडं परत फुगतं. वरच्या बाजूला चेपून 3.2 मिलिमीटर झालेलं पॅकिंग, खालच्या बाजूला 3.8 मिलिमीटर असलं, तर ही पाचर आता काढता येणार नाही. नट कितीही वेळा आवळले तरी जोड वाकडाच बसलेला राहणार. सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये केलेली चूक शेवटच्या फेरीत दुरुस्त होत नाही ती याच कारणाने.

आणि वाकडा बसला तर काय बिघडतं? लाइनमध्ये 10 बार दाबाची वाफ असली, तर ती फ्लँजना जेवढं दूर ढकलते ते बळ साधारण दीड टनाचं असतं. आठ स्टडची मिळून ओढ 40 टन. एवढी तफावत पाहून वाटतं की दोनचार नट ढिले राहिले तरी चालून जाईल. पण ते 40 टन वाफेला अडवण्यासाठी नसतातच मुळी. ते पॅकिंगला फ्लँजच्या तोंडावर इतकं घट्ट दाबण्यासाठी असतात की यंत्रावर तासताना राहिलेल्या बारीक रेघांमध्ये ग्रॅफाइट भरून जावं. आपल्या पॅकिंगच्या क्षेत्रफळावर ते 40 टन वाटले तर दर चौरस मिलिमीटरला 8 किलोहून थोडा जास्त भार येतो, आणि तेवढा या जातीच्या पॅकिंगला लागतोच. मात्र हा हिशेब सरासरीचा झाला. वाफ सरासरी पाहत नाही. पूर्ण गोलात जिथे दाब सर्वात कमी असेल, तिथून ती वाट काढते. एका बाजूला दुप्पट दाब असल्याचा दुसऱ्या बाजूला काही उपयोग नाही.

आता योग्य पद्धत. चांगला फिटर आधी फ्लँजची तोंडं साफ करतो, जुन्या पॅकिंगचे चिकटलेले कण खरवडून काढतो आणि आटे व नटाची बसायची बाजू, दोन्हींना वंगण लावतो. मग मार्करने फ्लँजवर गोलात 1 ते 8 आकडे लिहितो. आकडे लिहिण्याचा अनेकांना कंटाळा येतो, पण चौथ्या-पाचव्या नटापाशी हमखास गोंधळ होतो, तेव्हा ते लिहावेतच. सगळे नट आधी हाताने बसवायचे, मग पान्याने हलकेच टेकवायचे, आणि दोन फ्लँजमधली फट चारही बाजूंनी मोजायची. फट इथेच कमीजास्त असेल तर पुढे जायचं नाही. पाइपच वाकडा येत असेल तर स्टडच्या जोरावर त्याला ओढून आणणं म्हणजे पॅकिंगसाठी राखलेली ओढ पाइप सरळ करण्यात घालवणं.

त्यानंतरचा क्रम 1, 5, 3, 7 आणि मग 2, 6, 4, 8. पहिल्यानंतर त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातली जोडी, मग मधल्या तिरक्या जोड्या. दर वेळी आपण आधी दाबलेल्या जागेपासून शक्य तितक्या दूरच्या नटाकडे जातो, त्यामुळे एका बाजूने मिटलेली फट लगेच दुसऱ्या बाजूने मिटते आणि फ्लँज समांतर राहून खाली येतो.

पण नुसता क्रम पुरत नाही, आणि हे सांगताना बरेच लोक विसरतात. एक नंबर पहिल्याच दमात पूर्ण आवळला आणि मग समोरचा पाच घेतला, तरी एकपाशी पॅकिंग चेपून झालेलंच असतं. म्हणून टप्पे. आपल्या स्टडला शेवटी 160 न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचा असेल, तर पहिली पूर्ण फेरी 50 ला, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास. फट पुन्हा मोजायची. दुसरी फेरी 110 ला. तिसरी 160 ला. तिन्ही फेऱ्या त्याच फुलीच्या क्रमाने. वंगण भारी असेल तर हा आकडा खाली आणावा लागतो, कारण टॉर्कचा फार मोठा भाग घर्षणातच जिरतो. ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाशी, चाळीस टक्के आट्यांमध्ये, आणि स्टड ताणायला उरतो फक्त दहा टक्के. म्हणूनच गंजके आटे असलेला एक स्टड टॉर्क रेंचवर इतरांइतकाच आकडा दाखवतो आणि आत निम्म्याच ओढीवर असतो.

चौथी फेरी मात्र फुलीची नाही. ती सरळ गोल: 1, 2, 3, 4 करत, रेंच 160 वरच ठेवून. इलॅस्टिक इंटरॅक्शन पुस्तकात वाचण्यापेक्षा या फेरीत हाताला जास्त चांगलं कळतं. आत्ताच 160 ला आवळलेला एक नंबरचा नट पुन्हा रेंच लावताच फिरतो. टिक्‌ आवाज यायच्या आधी पंधरा-वीस अंश सहज. दोन नंबरही फिरतो. शेवटी आवळलेला आठ नंबर जवळजवळ हलतच नाही. प्रत्येक नट कधी आवळला आणि त्यानंतर त्याच्या शेजाऱ्यांनी त्याचं किती खाल्लं, याचा हा हिशेबच समजा. एकही नट हलेनासा होईपर्यंत गोल फेऱ्या मारत राहायचं. दोन होतील, तीनही होतील. मग निदान चार तास थांबून आणखी एक गोल फेरी, कारण पॅकिंग आवळून झाल्यावरही हळूहळू बसत राहतं आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या काही तासांत उरकतो. ही सगळी पद्धत अमेरिकेतल्या एएसएमई या अभियंत्यांच्या संस्थेने 2000 साली 'पीसीसी-1' नावाच्या मार्गदर्शिकेत एकत्र बांधली, आणि आज जगभरच्या रिफायनऱ्यांमध्ये तीच पायाभूत मानली जाते.

त्याच मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये एक गोष्ट आली, जी जुन्या फिटरना थोडी टोचते. सुरुवातीच्या टप्प्यात फ्लँज समांतर बसवून झाला असेल, तर पुढच्या फेऱ्या फुलीने न करता सरळ गोल केल्या तरी चालतात, असे पर्यायी क्रमही तिथे दिले आहेत. याचं कारण वरच्या हिशेबात आहेच. फुलीचं खरं काम फ्लँजला तिरकं होऊ न देणं. ताण सारखा करण्याचं काम गोल फेरी करते. वीस-चोवीस स्टडच्या मोठ्या फ्लँजवर दर नटामागे समोरच्या बाजूला धावत जाण्यात माणूस थकतो, आणि थकलेला माणूस नट चुकतो. मला ही सवलत योग्य वाटते, पण पहिली फेरी फुलीनेच झालेली असली तर.

मुळात हा सगळा खटाटोप आपल्याकडे नट आठ आणि पाना एकच आहे म्हणून आहे. मोठ्या फ्लँजवर कधी कधी सगळ्या स्टडना एकाच वेळी हायड्रॉलिक टेन्शनर लावून एकदम ताणतात. तिथे क्रमाचा प्रश्नच उरत नाही. मोटारींच्या कारखान्यांतही चाक बसवताना चार-पाच तोंडांचं यंत्र सगळे नट एका दमात आवळतं.

आपल्या हाती मात्र एकच पाना असतो, आणि चाक पंक्चर होतंच. चाकात पॅकिंग नाही. रिमचा धातू थेट हबच्या धातूवर बसतो, मग इथे चेपण्याचा प्रश्न कुठला? इथे प्रश्न चाक सरळ आणि मधोमध बसण्याचा आहे. बहुतेक मोटारींच्या चाकांच्या नटाचं एक टोक निमुळतं असतं आणि रिमच्या भोकालाही तसाच उतार असतो. नट आत जाताना हा उतार रिमला सरकवत मधे आणतो. वरचा नट आधीच पक्का आवळला तर रिम त्या बाजूने हबला चिकटते, खालच्या बाजूला केसाएवढी फट राहते, आणि उरलेल्या नटांचे निमुळते भाग आपापल्या भोकात एका बाजूला टेकून अडकतात. पान्याला जोर लागतो, त्यामुळे आवळणाऱ्याला वाटतं बसलं. खड्ड्यांमधून पाचपंचवीस किलोमीटर गेल्यावर रिम खरी जागेवर येते आणि ती केसाएवढी फट मिटते. स्टड किती थोडा ताणलेला असतो ते आपण वर पाहिलंच. फट मिटली की नट ढिला.

डिस्क ब्रेक असलेल्या चाकात आणखी एक भानगड होते. बऱ्याच गाड्यांत ब्रेकची डिस्क हब आणि रिम यांच्यामधे धरलेली असते. नटांची ओढ असमान असली की डिस्क मिलिमीटरच्या काही शतांशांनी वाकते. तेवढ्याने लगेच काही जाणवत नाही, पण दर फेऱ्याला तिचा एकच भाग पॅडला घासत राहतो आणि काही महिन्यांत डिस्कची जाडी कमीजास्त होते. मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं, आणि लोक ब्रेकला दोष देतात.

पाच नटांच्या चाकात बरोबर समोर नट नसतो, म्हणून एक सोडून एक घ्यायचा: 1, 3, 5, 2, 4. बोटाने रेघ ओढली तर चांदणी होते. चार नटांत 1, 3, 2, 4. टाटा नॅनोला तीनच नट होते. तीन नटांना फुली कसली, तिथे थोडं थोडं करून सगळ्यांना सारखं खाली आणणं एवढंच हातात असतं. (इंजिनाच्या सिलिंडर हेडसारखा लांबट भाग असला तर मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जातात, म्हणजे मधला फुगवटा बाहेर निघून जातो.)

घरी स्टेपनी लावताना चाक हवेत असतानाच सगळे नट हाताने फिरवून टेकवा आणि चांदणीच्या क्रमाने पान्याने हलके आवळा. मग जॅक उतरवून टायर जमिनीला टेकला की त्याच क्रमाने पक्के आवळा. छोट्या गाड्यांना सहसा 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर 40 किलोचा जोर दिला की साधारण 100 होतात. पान्याला अर्धा मीटर पाइप लावून त्यावर उभं राहणारा 75 किलोचा माणूस साडेतीनशेच्या पुढे जातो. एवढ्याने स्टड ताणून कायमचा लांब होऊ शकतो, आणि मग तो पुन्हा कधी नीट ओढ धरत नाही. चाकाच्या आट्यांना तेल किंवा ग्रीसही लावू नका, कारण पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा असतो.

पंक्चरच्या दुकानात हवेची गन घेऊन पोरगा पहिलाच नट घर्रकन शेवटपर्यंत नेताना दिसला, तर त्याला थांबवा. आधी सगळे नट हाताने टेकवायला सांगा आणि शेवटचा जोर हातपान्याने, एक सोडून एक द्यायला सांगा. त्याला दोन मिनिटं जास्त लागतील. आणि 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर गाडी गार असताना पाना काढून पाचही नट एकदा स्वतः तपासा.